फुटलेल्या पिशवीतलं दूध कुठे जातं? एका फ्लोचार्टआधीचा मेल

काम आलं ते व्हॉट्सअ‍ॅपवर. वहीच्या पानाचा फोटो, त्यावर निळ्या पेनाने सहा चौकटी: दूध संकलन, तपासणी, चिलिंग, पाश्चरायझेशन, पॅकिंग, डिस्पॅच. मधे पाच बाण. खाली डेअरीच्या साहेबांचा निरोप, "एवढंच आहे, जरा छान करून द्या. ऑडिट आहे."

मी गेली काही वर्षं घरून डिझाइनचं काम करतो. लग्नपत्रिका, लेबलं, बॉक्स आणि अधूनमधून असे प्रक्रियेचे आराखडे. सहा चौकटी सुबक करायला मला अर्धा तास पुरला असता. पण पूर्वी एका मसाल्याच्या युनिटसाठी मी असंच "छान करून" दिलं होतं. चाळणी आणि मेटल डिटेक्टर यांचा क्रम मला माहीत नव्हता, मी अंदाजाने टाकला. सहा बाय चारचा फ्लेक्स छापून भिंतीवर लागल्यावर तिथल्या कामगाराने सांगितलं की हे उलटं आहे. चूक माझी होती, फ्लेक्सचे पैसेही मीच भरले.

म्हणून या वेळी आधी मेल लिहिला, आणि तो पहिला मेल साफ फसला. एकवीस प्रश्न होते त्यात. "आपली तपासणीची पद्धत सविस्तर सांगावी", "पाश्चरायझेशनची संपूर्ण माहिती द्यावी" असले. चार दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: "सर्व माहिती फोटोत दिलेली आहे." मला राग आला, पण मेल पुन्हा वाचल्यावर कळलं की मी प्रश्न विचारलेच नव्हते, निबंध मागितला होता. पहाटे चारला टँकर उतरवून घेणारा माणूस निबंध कशाला लिहील?

मग मी उलट्या बाजूने सुरुवात केली. आधी कच्चं चित्र काढायला घेतलं आणि दुधाचा एक थेंब धरून त्याच्यामागे चाललो. प्रत्येक चौकटीशी थांबून स्वतःला विचारलं, इथे काय आत येतं, काय बाहेर जातं, आणि "नाही" असं उत्तर आलं तर थेंब कुठे जातो? तपासणीच्या चौकटीतच अडलो. तपासणी म्हटली की पास आणि नापास अशा दोन वाटा हव्यात. फोटोत एकच बाण होता, म्हणजे या डेअरीत आजवर एकही टँकर नापास झाला नव्हता.

सगळ्यात जास्त काही दडलं होतं ते पाश्चरायझेशनच्या चौकटीत. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, दूध तापलं, गार झालं, संपलं. पण दूध सलग वाहत राहतं अशा प्लांटमध्ये ते त्याच प्लेटच्या यंत्रातून दोनदा जातं. आत येणारं गार दूध प्लेटच्या एका बाजूने आणि तापून निघालेलं दूध दुसऱ्या बाजूने वाहतं. गरम दुधाची उष्णता गार दुधाला मिळते, त्यामुळे इंधनही वाचतं आणि थंड करायचा खर्चही. तिथून पुढे गरम पाण्याने दूध 72 अंशांच्या वर नेतात आणि एका लांब नळीतून किमान 15 सेकंद वाहू देतात. त्या नळीच्या शेवटी तापमान मोजणारा सेन्सर असतो आणि त्याला जोडलेला वाट वळवणारा व्हॉल्व्ह. दूध पुरेसं तापलेलं नसेल तर व्हॉल्व्ह वळतो आणि ते पुढे न जाता सुरुवातीच्या बॅलन्स टँकमध्ये परत येतं. म्हणजे एका चौकटीच्या पोटात एक निर्णय आणि एक परतीची वाट. अन्नसुरक्षेचा ऑडिटर आधी हेच शोधणार.

आणखी एक गाठ होती. डेअरीच्या पिशवीवर "टोन्ड" लिहिलेलं. टोन्ड दूध म्हणजे फॅट 3.0 टक्के आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, 8.5 टक्के. टँकरमधून येणारं गाय-म्हैस मिश्र दूध त्याहून दाट. मग वरचं फॅट जातं कुठे? चित्रात क्रीमचं नावच नव्हतं.

कच्च्या चित्रात मला माहीत असलेले बाण काळे आणि माहीत नसलेले लाल, तुटक केले. प्रत्येक लाल बाणाला आकडा दिला. मग दुसरा मेल लिहिला, साहेबांना आणि सोबत लॅबच्या मॅडमना. मॅडमचा पत्ता मी साहेबांकडून फोन करून घेतला. व्हॉल्व्ह कधी वळतो हे ऑफिसात बसलेल्याला तोंडपाठ असेलच असं नाही. मेल असा होता:

"विषय: दूध प्रक्रियेचा आराखडा – 6 लाल बाण, गुरुवारपर्यंत उत्तर हवं

नमस्कार साहेब, नमस्कार मॅडम,

सोबत कच्चं चित्र जोडलं आहे. काळे बाण तुमच्या फोटोवरून काढले आहेत. लाल बाण मला नक्की माहीत नाहीत. प्रिंट काढून पेनाने खुणा करून फोटो पाठवलात तरी चालेल, टाइप करायची गरज नाही.

1. डॉकवर टँकर नापास झाला तर तो परत जातो, की दूध वेगळ्या टाकीत घेता?

2. जास्तीचं फॅट काढता का? काढत असाल तर ते क्रीम पुढे कुठे जातं?

3. होमोजिनायझर नळीच्या (होल्डिंग) आधी आहे की नंतर? चित्रात दोन्ही जागा अ आणि ब अशा दाखवल्या आहेत, एकीवर गोल करा.

4. फोटोत 78 लिहिलं आहे, फोनवर साहेब 72 म्हणाले. दोन्हींपैकी चौकटीत कोणता आकडा छापायचा?

5. पॅकिंगला फुटलेल्या पिशव्यांमधलं दूध कुठे जातं?

6. हे चित्र ऑडिटच्या फाइलसाठी हवं आहे की भिंतीवर पाहुण्यांना दाखवायला? दोन्ही असेल तर दोन वेगळी चित्रं लागतील, त्याचा खर्च खाली दिला आहे.

रंग, अक्षर, मांडणी यांचं मी ठरवेन. पण पहिल्या पाच गोष्टी मी अंदाजाने भरणार नाही. उत्तर आलं नाही तर तो बाण तुटकच राहील आणि चित्रावर 'अपूर्ण' असं छापलेलं असेल. गुरुवारी संध्याकाळपर्यंत उत्तर मिळालं तर सोमवारी पक्कं चित्र देतो."

शेवटचा परिच्छेद लिहिताना हात जरा अडखळला. साहेबांना तो उद्धट वाटेल का? पण "कळवावे ही विनंती" लिहून मी आधीच चार दिवस घालवले होते. तुटक बाण चित्रात तसाच राहणार म्हटल्यावर मात्र बुधवारीच उत्तर आलं.

मॅडमनी चित्राची प्रिंट काढून लॅबच्या टेबलावर ठेवून फोटो काढला होता. कोपरा ओला होऊन फुगलेला, बाजूला लॅक्टोमीटरची नळी. आणि पेनाच्या खुणा माझ्या सगळ्या मेलपेक्षा स्पष्ट.

पहिल्याला: टँकर सीलसह परत, रजिस्टरला नोंद. दुसऱ्याला त्यांनी एक अख्खी फांदीच काढली होती: सेपरेटर, क्रीम टँक, तूप विभाग. तिसऱ्याला "अ" भोवती गोल, म्हणजे दुधातलं फॅट बारीक करून एकजीव करणारा होमोजिनायझर नळीच्या आधी. चौथ्याचं उत्तर मला सर्वांत आवडलं. प्लांट 78 वर चालवतात, 72 ही खालची मर्यादा, म्हणून चौकटीत "किमान 72° से., 15 सेकंद" लिहा, आणि 78 छापू नका. त्याचं कारणही कंसात होतं: एखाद्या दिवशी 76 वर चालला तर कागदाप्रमाणे आमचंच चुकलं असं होईल.

पाचव्यावर मात्र गाडी अडली. मॅडमनी बाण काढला होता, फुटलेल्या पिशव्यांकडून मागे कच्च्या दुधाच्या टाकीकडे. त्याच संध्याकाळी साहेबांचा फोन आला. "ते पाच नंबरचं दाखवू नका हो. लोकांना वाटेल आम्ही सांडलेलं गोळा करतो."

साहेबांची अडचण मला कळत होती. गावातले पाहुणे, शाळेच्या सहली भिंतीवरचं चित्र बघतात. पण ऑडिटच्या आराखड्याचं तसं नाही. हॅसॅप ही अन्नातले धोके आधीच ओळखून आवरण्याची पद्धत, आणि कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या संस्थेच्या हॅसॅप मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलं आहे की पुन्हा प्रक्रियेत घेतला जाणारा माल चित्रात दिसला पाहिजे. शिवाय तो माल पाश्चरायझरच्या आधी जातो, म्हणजे पुन्हा तापतोच. दाखवण्यात लाज नाही. बाण लपवला आणि ऑडिटरने पॅकिंगला फुटक्या पिशव्यांचा क्रेट बघितला, तर तो पहिला प्रश्न तिथेच विचारणार. मी साहेबांना एवढंच म्हटलं, "म्हणूनच सहावा प्रश्न विचारला होता." फाइलसाठी ए-3 वर सगळ्या वाटांसह एक, आणि भिंतीसाठी आठ मोठ्या चौकटींचं दुसरं, असं ठरलं. दुसऱ्या चित्राचे पैसे मेलमध्ये आधीच लिहिले होते, म्हणून घासाघीस झाली नाही. नंतर सांगितले असते तर नक्की झाली असती.

मॅडमच्या कागदावर एक सातवा बाण होता, जो मी विचारलाच नव्हता. पाश्चरायझरमधून खाली गटाराकडे, बाजूला लिहिलेलं "सुरुवातीचं पाणी". मी फोन करून विचारलं. सकाळी प्लांट पाण्यावर सुरू करतात, तापमान जमलं की दूध सोडतात, ते पाण्याला पुढे ढकलतं. मधलं पाणीमिश्रित दूध पुढे जाऊ द्यायचं नसतं, ते बाहेर काढतात. बंद करताना उलटं, पाणी दुधाला ढकलतं. चालत्या प्लांटचं चित्र डोळ्यासमोर धरल्यामुळे सुरुवात आणि शेवट या दोन वेळा माझ्या लक्षातच आल्या नव्हत्या. आता कुठल्याही कारखान्याच्या मेलमध्ये मी एक ओळ जास्तीची घालतो: "सकाळी सुरू करताना आणि रात्री बंद करताना वेगळं काय होतं?"

सोमवारी पक्कं चित्र पाठवलं. मॅडम ते हातात घेऊन डॉकपासून कोल्ड रूमपर्यंत चालत गेल्या, कारण चित्र जागेवर जाऊन ताडून बघणं हॅसॅपचीच एक पायरी आहे. एक दुरुस्ती निघाली. सायलो, म्हणजे दूध साठवायच्या मोठ्या टाक्या, दोन आहेत, मी एकच काढला होता. फोटोतही एकच होता, आणि मीही विचारलं नव्हतं. दुरुस्त केलेल्या प्रतीच्या कोपऱ्यात त्यांनी सही करून तारीख घातली आणि फोटो पाठवला.