जामीनदार दोन की एक?

धरमपेठेतल्या आमच्या पतसंस्थेत नियमांवरच्या प्रश्नांना भाषा-मॉडेलकडून उत्तरं मिळावीत, असं ठरलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं. सगळी कागदपत्रं मिळून १ लाख १० हजार शब्द. मी सरधोपट मार्ग धरला. चारशे-चारशे शब्दांचे तुकडे केले आणि प्रश्नाशी जुळणारे पाच तुकडे शोधून मॉडेलपुढे ठेवायला लागलो.

दुसऱ्याच दिवशी कर्जविभागातल्या काकू म्हणाल्या, "काहून जी, हे दोन जामीनदार सांगून राहिलं? आता तं एकच लागते!"

मॉडेलला दोष देण्याआधी मी ते पाच तुकडे छापून पाहिले. मूळ नियम त्यात होता आणि त्यात 'दोन'च लिहिलं होतं. तो बदलणारा ठराव असा होता: "नियम १४(ब) मधील 'दोन' या शब्दाऐवजी 'एक' असे वाचावे." यात जामीनदार हा शब्दच नाही! प्रश्नाशी जुळणार कसा? क्रमवारीत तो अडतिसावा निघाला. पाचाऐवजी वीस तुकडे घेतले असते तरी तो सापडला नसता.

मग वाटलं, सगळंच एकदम देऊन टाकू. मॉडेल शब्द ज्या बारीक भागांत मोडून वाचतं ते टोकन मोजले तर साडेचार लाखांच्या आसपास, आणि आमच्या मॉडेलची कॉन्टेक्स्ट विंडो, म्हणजे एका वेळी वाचायची मर्यादा, दोन लाखांची. मराठीचा एक शब्द सरासरी चार टोकन खात होता. इंग्रजीच्या अंदाजावर बसलेला माझा हिशेब तिथेच कोसळला.

पण या ढिगात निम्म्याहून जास्त तर सभांची इतिवृत्तं होती. ती बाजूला काढल्यावर उपविधी, परिपत्रकं आणि दुरुस्ती-ठराव मिळून २४ हजार शब्द उरले, म्हणजे साधारण ९६ हजार टोकन. हे अख्खं मावलं. काकूंनी वहीतून पंचवीस खरे प्रश्न काढून दिले. तुकड्यांच्या पद्धतीत सतरा बरोबर आले होते, आता तेवीस आले.

उरलेल्या दोनपैकी एकाचं उत्तर ढिगाच्या मधोमधल्या एका ठरावात होतं. तोच ठराव शेवटी सरकवला तर उत्तर बरोबर आलं. म्हणून आता कागद तारखेप्रमाणे, नवे शेवटी, आणि प्रश्न सगळ्यांच्या खाली. प्रश्नाच्या वरचा मजकूर दरवेळी अक्षरशः तोच राहत असल्याने सेवा तो साठवून ठेवते आणि पुन्हा वापरताना कमी दर लावते. नाहीतर दर प्रश्नाला ९६ हजार टोकनांचे पूर्ण पैसे मोजावे लागले असते. दुसऱ्या चुकीचं कारण तर हास्यास्पद होतं: स्कॅनमध्ये ८ चा ३ झाला होता.

इतिवृत्तं मात्र तुकड्यांवरच ठेवलीत. "अमुक सभेला कोण हजर होतं" याचं उत्तर एकाच जागी असतं, दुसरा कागद ते फिरवत नाही. दोन्हींपैकी कुठे शोधायचं, ते सध्या काकूच बटण दाबून ठरवतात.