लाय पाटलांची रात्र आठ मिनिटांत बसवताना

मुलांच्या रेडिओ कार्यक्रमासाठी कोकणातल्या एखाद्या वीराची गोष्ट लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा पहिलं नाव कान्होजी आंग्र्यांचंच डोळ्यासमोर आलं. पण त्यांच्या मोहिमा आठ मिनिटांत सांगायच्या म्हणजे नुसती यादी होते. लाय पाटलांची गोष्ट मात्र एका रात्रीची आहे, आणि रेडिओला एक रात्र पुरते.

गोष्ट थोडक्यात अशी. शिवाजी महाराजांनी मुरूडसमोर कासा खडकावर पद्मदुर्ग बांधला, तो सिद्दीच्या जंजिऱ्याला शह म्हणून. 1676 च्या सुमारास मोरोपंत पिंगळ्यांची जंजिऱ्यावर मोहीम झाली. ठरलं असं, की कोळ्यांचे पुढारी लाय पाटील यांनी रात्री तटाला शिड्या लावायच्या आणि मोरोपंतांच्या सैन्याने त्यावरून चढायचं. पाटलांनी शिड्या लावल्या. सैन्य वेळेत आलं नाही. उजाडायला लागलं तेव्हा शिड्या काढून घेऊन ते परतले.

म्हणजे किल्ला पडलाच नाही. ऐकणारं पोर आठ-दहा वर्षांचं. त्याला वीर जिंकलेला हवा असतो. ‘किल्ला मिळणार का?’ हा प्रश्न मी पुढे ठेवला असता तर शेवटी सगळी हिरमुसली असती. म्हणून निवेदकाच्या तोंडी पहिल्याच मिनिटात दोन गोष्टी घातल्या: तट थेट पाण्यातून उठलेला आहे, आणि उजाडायच्या आत काम झालं नाही तर पहारेकऱ्यांना शिड्या दिसतील. आता मुलांचा प्रश्न बदलतो. पाटील आणि त्यांची माणसं जिवंत परत येतील का? याचं उत्तर आनंदाचं आहे.

शिड्या लावण्याचा भाग लिहायला सोपा गेला. खरा कस वाट बघण्यात होता. काहीच घडत नाही, तेच तर ऐकवायचं होतं. त्यासाठी एकच प्रश्न तीनदा आणला:

कोळी १ : (कुजबुजत) पाटील, पंत आले का?
लाय पाटील : येतील. हलू नको.
(ध्वनी : खडकावर लाटा. वरून पहारेकऱ्याची पावलं, जवळ येतात, लांब जातात.)
कोळी १ : पाटील, आले का?
लाय पाटील : भरती चढतेय. दोर घट्ट धर.

तिसऱ्यांदा प्रश्न येतो तेव्हा पाटील उत्तरच देत नाहीत. तिथे मला पूर्ण शांतता हवी होती. पण रेडिओवर चार-पाच सेकंद काहीच आलं नाही, तर ऐकणाऱ्याला वाटतं केंद्रच बंद पडलं. म्हणून खाली लाटांचा आवाज बारीक चालू ठेवला आणि फक्त माणसांचे आवाज थांबवले.

ध्वनीचंही तसंच. परातीतल्या पाण्यात लाकडी पळी फिरवली की वल्ह्याचा आवाज छान निघतो, पण नुसता ऐकला तर कुणी भांडी घासतंय असंही वाटेल. त्यामुळे आवाजाच्या आधी ‘वल्ही हळू मारा रे’ हे वाक्य आलंच पाहिजे. आधी शब्द, मग आवाज. दोराची करकर मात्र ओला काथ्या खुर्चीच्या हातावर ओढून काढली, आणि ती इतकी खरी आली की तिला एका शब्दाचाही आधार लागला नाही.

मुलांसाठी मिनिटाला साधारण शंभर शब्द, याहून वेग नको. ध्वनीची जागा सोडली तर संहिता साडेसहाशे शब्दांची झाली. वाक्यं पाच-सात शब्दांची ठेवली. ‘ते’, ‘त्यांनी’ काढून पुन्हापुन्हा ‘पाटील’ म्हटलं, कारण ऐकणाऱ्याला मागचं पान उलटता येत नाही. ‘मोहीम’ ठेवला, ‘तटबंदी’ची ‘भिंत’ केली. संवाद माझे आहेत; बखरीत हकिगत थोडक्यात येते. म्हणून सुरुवातीलाच निवेदक सांगतो, ‘पाटील काय बोलले ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. आपण कल्पना करू या.’ मुलांना हे चालतं, आणि खरं काय तेही कळतं.

जंजिरा मराठ्यांना कधीच घेता आला नाही, हे लपवायचं नव्हतं. ते वाक्य मी पाटील परत किनाऱ्याला लागतात तिथेच घातलं, म्हणजे शेवटची दीड मिनिटं महाराजांच्या भेटीला मोकळी राहिली. महाराज धाडसावर खूश होऊन पालखीचा मान देतात आणि पाटील नम्रपणे नाही म्हणतात. इथे पुन्हा थोडं थांबायचं: महाराजांना नाही? मग पाटलांचं उत्तर येतं, ‘महाराज, आम्ही दर्यातली माणसं. पालखी घेऊन काय करू?’ त्यावर महाराज एक गलबत बांधून त्यांना देतात आणि त्या गलबताचं नाव ठेवतात ‘पालखी’. हे नाव निवेदकाला सांगू दिलं नाही. ते महाराजांच्या तोंडून, संहितेच्या शेवटच्या ओळीत येतं, आणि लगेच नौकेवरचा नगारा सुरू होतो.