वस्तू आत येते ती दिसते, बाहेर जाते ती विसरते

रोजनिशी, बुधवार. रंगीत तालमीला नऊ दिवस.

आज सावित्रीबाईंच्या नाटकाची कपड्यांची आणि प्रॉपर्टीची यादी पुन्हा पहिल्या पानापासून लिहायला घेतली. आधीची यादी वस्तूंप्रमाणे होती: साड्या इतक्या, पाट्या इतक्या, मडकी इतकी. बाजारात जायला अशी यादी चांगली, पण प्रयोगाच्या वेळी विंगेत ती काही कामाची नाही. तिथे दर प्रवेशाला एक पान हवं. पात्र, वस्तू, नग, ती कोणाची आहे (शाळेची, घरची की भाड्याची), कोणत्या विंगेतून आत जाते, कोणत्या विंगेतून बाहेर येते आणि तेव्हा ती कोण घेतं, एवढे रकाने पुरतात. शेवटचे दोन रकाने बहुतेक याद्यांत नसतातच. आत जाणारी वस्तू नटाच्या हातात असते, म्हणून ती चुकत नाही. बाहेर आलेली वस्तू मात्र ज्या विंगेत पडली तिथेच राहते, आणि पुढच्या प्रवेशात ती दुसऱ्या बाजूला हवी असते.

जबाबदारीचा नियम एकच ठेवला आहे. जो त्या प्रवेशात काम करतो, त्याच्याकडे त्या प्रवेशाची वस्तू नाही. त्याचं लक्ष संवादात असतं आणि तिथेच असायला हवं. बांगड्या, मंगळसूत्र, पागोटं अशा अंगावरच्या गोष्टी ज्याच्या त्याने सांभाळायच्या. बाकी सगळं डाव्या विंगेत नववीतल्या दोघी आणि उजव्या विंगेत आठवीतले दोघे बघतील. दोघांपैकी एक जण वस्तू देतो, दुसरा परत आलेली घेऊन खूण करतो. एकालाच दोन्ही कामं दिली की अंधार झाल्यावर तो पुढची वस्तू शोधत बसतो आणि परत आलेली कुणीतरी खुर्चीवर ठेवून जातं.

सगळ्यात जास्त वेळ दुसऱ्या प्रवेशावर गेला. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. तिथे शिकवायला जाताना लोक शेण-चिखल फेकत, म्हणून सावित्रीबाई सोबत दुसरी साडी नेत आणि शाळेत पोचल्यावर बदलत, ही हकीकत मुलांना पाठ आहे. रंगमंचावर तिची किंमत तीन साड्या आहे. पहिली अंगावरची. दुसरी गाठोड्यातली, पण गाठोड्यात अख्खं लुगडं नको: त्याच कापडाचा मीटरभर तुकडा पुरतो, गाठोडं हलकं राहतं आणि उघडलं तरी रंग जुळतो. तिसरी डाव्या विंगेत टांगलेली, खरोखर नेसायची.

नेसायची म्हणजे शिवलेली नऊवारी. तेरा वर्षांच्या मुलीला अंधारात कासोटा घालता येणार नाही. भाड्याच्या शिवलेल्या साडीला कमरेला हूक असतात, आणि घाईत नेमके तेच सापडत नाहीत. त्या जागी वेल्क्रो लावायचा. वेल्क्रो सोडताना चर्र असा आवाज होतो, म्हणून साडीबदल शांततेत ठेवायचा नाही. शाळेतल्या मुली पाढे म्हणत असतील तेव्हाच करायचा. चोळी दोन्ही साड्यांना तीच राहील, आत लेगिंग. नुसती साडी बदलायला चाळीस सेकंद धरले आहेत. तेवढ्यात तेवीसचा पाढा संथ लयीत एकदा होऊन पुन्हा निम्मा होतो. घड्याळ लावूनच ठरवायचं, अंदाजाने नाही.

रंगाबद्दलही लिहून ठेवलं. दुकानदार हमखास राणी किंवा जांभळा रंग दाखवतो, दिव्यात खुलतो म्हणून. पण पहिला कृत्रिम रंग १८५६ साली निघाला. त्याआधीच्या प्रवेशांत निळीचा निळा, मंजिष्ठाचा लाल किंवा हळदीचा पिवळा अशाच छटांची सुती साडी शोभते. जरीचा काठ नको.

खरा चिखल वापरायचा नाही. फरशी निसरडी होते, भाड्याच्या साडीवर डाग राहतो, आणि पुढच्याच प्रवेशात मुली अनवाणी पळत येतात. चिंध्या भरून, वर तपकिरी कापड शिवून लिंबाएवढे आठ गोळे करायचे. ते अंगाला लागतात, पण डाग पडत नाहीत. म्हणून डाग आधीच शिवून ठेवायचे: पहिल्या साडीच्या पदराच्या आतल्या बाजूला तपकिरी कापडाचे वेडेवाकडे तुकडे. गोळे सुरू झाले की सावित्री प्रेक्षकांकडे पाठ करते, पदर उलटा करून खांद्यावरून पाठीवर सोडते आणि डाग दिसतात. तुकडे गोल कापले तर ठिपक्यांची नक्षी वाटते. एक लांबट, खाली ओघळल्यासारखा हवाच.

आठ गोळे फेकले तर आठच परत यायला हवेत. एखादा मागे राहिला तर पुढे मुलीच्या पायाखाली येतो. ते गोळा करायला विंगेतल्या कुणाला पाठवलं तर प्रवेश मोडतो. त्यापेक्षा शाळेच्या प्रवेशात पहिली येणारी मुलगी केरसुणी आणि टोपली घेऊन येईल आणि अंगण झाडता झाडता गोळे उचलेल. टोपली उजव्या विंगेत जाईल. तिथला आठवीतला मुलगा मोजेल आणि कमी असतील तर बोटांनी आकडा दाखवेल. इथे हा एक बाहेरचा रकाना अख्खा प्रवेश सावरतो.

शाळेच्या पाट्या लाकडी चौकटीच्या, सहा मुलींना सहा आणि एक जास्तीची. पाटीवरच्या पेन्सिलीचं लिखाण तिसऱ्या रांगेतूनही दिसत नाही, खडूने लिहिलं तर साडीला पुसतं. म्हणून प्रेक्षकांना दाखवायच्या दोन पाट्यांवर एका बाजूला पांढऱ्या पोस्टर कलरने अक्षरं रंगवायची. त्याच बाजूला चौकटीत वर दोऱ्याची गाठ, म्हणजे कोणती बाजू पुढे करायची ते अंधारात बोटाला कळतं.

शेवटून दुसरा प्रवेश १८९० चा, जोतीरावांच्या अंत्ययात्रेचा, सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं धरलं तो. मडक्यात विस्तव नाही, धूरही नाही. लुकलुकणारा बॅटरीचा दिवा आणि भोवती नारिंगी जिलेटिनचा चुरगाळलेला कागद. तालमीनंतर दिवा चालूच राहतो आणि प्रयोगात मडकं काळं दिसतं, म्हणून तालमीनंतर सेल काढून वेगळ्या डबीत ठेवायचा. सेल घालून दिवा लावणं हे डाव्या विंगेतल्या मुलीचं काम, दुसरं कुणी हात लावायचा नाही. मडकी दोन, शिंकाळ्याची दोरी दोन्हींना आधीच बांधलेली.

१८९७ च्या प्लेगच्या प्रवेशाला फार काही नाही. एक घोंगडी, एक पांढरी साडी. केसांना पावडर लावू नये, हलताच उडते आणि खांद्यावर दिसते.

दोन्ही विंगांत टेबलांवर खाकी कागद चिकटवायचा आणि प्रत्येक वस्तू त्यावर ठेवून पेन्सिलीने तिची कड आखायची. पाटीचा चौकोन, मडक्याचा गोल, टोपलीचा गोल. तिसऱ्या घंटेआधी यादी वाचत बसायची गरज उरत नाही. मोकळा दिसणारा आकार म्हणजे जी वस्तू नाही ती. टोपली डावीकडून जाऊन उजवीकडे येते, म्हणून तिचा आकार दोन्ही टेबलांवर आखायचा, उजवीकडचा तुटक रेघेने.

उद्या आणायचं: वेल्क्रो दोन मीटर, तपकिरी कापड अर्धा मीटर, मडकी दोन, सेल चार.