मानपत्र, तीन मिनिटांचं भाषण आणि ‘रेकॉर्डला नाही’

मानपत्राचा मजकूर एका संध्याकाळी लिहून होतो. त्यातलं एक वर्ष ठरवताना मात्र माणूस मेटाकुटीला येतो. पुढच्या कुणाला असं काम अंगावर पडलं तर थोडं सोपं जावं, म्हणून लिहून ठेवते. राग अजून पुरता गेलेला नाही, तो मजकुरात दिसेल.

पंचवटीत आमच्या गीतेच्या काकू मुलांना गीता पाठ करून घेतात. वर्ग पहिल्यापासून निःशुल्क. गुरुपौर्णिमेला फूल घेतात, पाकीट परत करतात. माझी दोन्ही मुलं त्यांच्याकडेच शिकली. गुडघ्यांमुळे काकूंनी यंदा वर्ग पुढच्या पिढीकडे सोपवायचं ठरवलं. ज्या मंडळाच्या सभागृहात वर्ग भरतो, त्यांनी गीता जयंतीच्या सुमारास सत्कार करायचं मनावर घेतलं. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि पालकांतर्फे छोटं भाषण. शेवटच्या दोन्ही गोष्टी माझ्याकडे आल्या, कारण ‘वहिनी, तुमचं मराठी चांगलं आहे’.

मानपत्राचा साचा तयारच असतो. वर देवाचं स्मरण, खाली नाव, मग तीन-चार परिच्छेद, प्रत्येकाच्या सुरुवातीला ‘विद्याव्रती’, ‘मातृहृदयी’ असं एकेक संबोधन, आणि शेवटी ‘आम्ही आपले’ म्हणून सगळ्यांची नावं, स्थळ, तिथी. मी हा साचा मोडला नाही, फक्त संबोधनं कमी केली. एकूण मजकूर दोन-सव्वादोनशे शब्दांचा ठेवा. मानपत्र व्यासपीठावरून सावकाश वाचायचं असतं, तेवढ्याला दोन मिनिटं सहज लागतात. चारशे शब्द झाले की सत्कारमूर्ती अवघडून बसते आणि मागच्या रांगेत गप्पा सुरू होतात.

पहिल्याच परिच्छेदात ‘गेली इतकी वर्षे’ असं लिहावं लागतं, आणि तिथेच माझी गाडी अडली.

पगारी शिक्षिकेचं नेमणूकपत्र असतं, मस्टर असतं, सेवापुस्तक असतं. विनामूल्य शिकवणाऱ्या बाईचं यातलं काहीच नसतं. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, “ते कुठे मोजलंय? कुंभ झाला आणि थोड्या वर्षांत सुरू केलं.” मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी जे गृहस्थ बसतात, त्यांनी सभागृह वापराची नोंदवही काढली. पहिली नोंद जून २००५ ची. “झालं तर मग,” ते म्हणाले, “कुंभ २००३ चा, त्यानंतर थोड्या वर्षांत म्हणजे २००५. वीस वर्षे. छान गोल आकडा आहे.”

ऐकायला अगदी चोख जुळतं. पण नाशिकला दर बारा वर्षांनी सिंहस्थ येतो, आणि इथल्या माणसाची आठवण ‘कुंभाआधी’, ‘कुंभानंतर’ अशीच चालते. कुठला कुंभ हे कुणी सांगत नाही. २००३ च्या आधीचा १९९१ चा. काकू त्याच्याबद्दल बोलत असतील तर आपण त्यांची दहा-बारा वर्षं परस्पर खाऊन टाकतोय.

माझा संशय एका जुन्या विद्यार्थिनीमुळे पक्का झाला. ती म्हणाली, “काकू, २००३ च्या ऑगस्टमध्ये शाही स्नानाच्या दिवशी आपला वर्ग बंद होता ना, बॅरिकेड लावली होती म्हणून?” म्हणजे त्या कुंभात वर्ग चालू होता, आणि तो मंडळाच्या सभागृहात नव्हे, काकूंच्या जुन्या वाड्याच्या ओसरीवर. वाडा बिल्डरकडे गेला तेव्हा वर्गाला जागा उरली नाही, म्हणून २००५ साली मंडळाने सभागृह दिलं. नोंदवहीत वर्गाच्या जन्माची तारीख नव्हती, स्थलांतराची होती.

हे मी कार्यालयात सांगितलं. उत्तर आलं, “असेल. पण ते रेकॉर्डला नाही.”

यानंतर जे चाललं त्याला सरकारी कचेरीही लाजली असती. लेखी पुरावा आणा म्हणाले. मी म्हटलं, ओसरीवरच्या वर्गाचा लेखी पुरावा कोण ठेवतं? मग म्हणाले, बैठकीत विषय ठेवू. बैठक झाली तेव्हा गणपूर्ती नव्हती. पुढच्या बैठकीत कुणीतरी मुद्दा काढला, की २००५ च्या आधी वर्गाचा मंडळाशी संबंध नव्हता, तेव्हा ती वर्षं आपल्या मानपत्रात कशी घालायची? मला हा मुद्दा ऐकून हसू आणि रडू एकदमच आलं. मंडळ काय स्वतःच्या सभागृहाचा सत्कार करणार होतं का?

शेवटी पुरावा मिळाला तो घराघरांतल्या ट्रंकांत. जुन्या विद्यार्थ्यांना नुसतं ‘कधी शिकलात’ असं विचारू नका. ‘तेव्हा कितवीत होतात’ असं विचारा, कारण इयत्ता माणूस विसरत नाही. सगळ्यांत पहिल्या तुकडीतली म्हणवणारी मुलगी म्हणाली, मी चौथीत गेले त्या जूनमध्ये आम्ही पाचजणी ओसरीवर बसलो. तिची दहावीची गुणपत्रिका मार्च २००१ ची. म्हणजे दहावीचं वर्ष २०००-०१, त्यातून सहा मागे गेलं की चौथी १९९४-९५. वर्ग सुरू झाला जून १९९४ ला. एकाच आठवणीवर विसंबायला नको म्हणून दुसरा धागा शोधला. तो एका घरी प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये सापडला : गीता पठण स्पर्धेचं प्रशस्तिपत्र, १९९६ चं, कडा पिवळ्या पडलेलं, आणि ‘मार्गदर्शक’ म्हणून खाली काकूंचं नाव, शाईच्या पेनाने. म्हणजे १९९६ साली स्पर्धेला मुलं पाठवण्याइतका वर्ग जुना होता. १९९१ चा कुंभ, मग थोडी वर्षं, मग वर्ग. काकूंचं बोलणं अक्षरशः खरं होतं.

त्या कागदाची झेरॉक्स घेऊन मी थेट अध्यक्षांकडे गेले. कार्यालयात गेलेच नाही. आधीच असं करायला हवं होतं असं आमच्या घरचे म्हणतात. मला तसं वाटत नाही, कारण कागद हाती नसताना अध्यक्षांनीही मला कार्यालयातच पाठवलं असतं. त्यांनी प्रशस्तिपत्र पाहिलं आणि म्हणाले, दोन्ही घाला. मानपत्रात वाक्य असं गेलं : ‘जून १९९४ पासून आपल्या वाड्याच्या ओसरीवर आणि २००५ पासून मंडळाच्या सभागृहात, अशी एकतीस वर्षे आपण गीता शिकवलीत.’ मंडळाचा मान राहिला, काकूंची अकरा वर्षंही वाचली.

वर्षाचा तिढा सुटल्यावर बैठकीला विशेषणांची हौस आली. ‘ज्ञानाचा अखंड नंदादीप तेवत ठेवून हजारो बालमनांवर संस्कारांचे शिंपण’ असं कुणीतरी सुचवलं. हजारो कुठून आले? ओसरीवर पंधरा-वीस मुलांपलीकडे जागा नव्हती. मी आकडा काढला आणि त्याजागी काकू शिकवतात कशा ते घातलं. गीतेत अठरा अध्याय आणि सातशे श्लोक. पहिल्या अध्यायात सत्तेचाळीस श्लोक आहेत, मुलं तिथेच थकतात. म्हणून काकू बाराव्यापासून सुरुवात करतात, मग पंधरावा. दोन्ही वीस-वीस श्लोकांचे. पंधराव्याचा पहिलाच श्लोक जिभेची परीक्षा घेणारा : ‘ऊर्ध्वमूलमधःशाखमश्वत्थं प्राहुरव्ययम्’. मुलं ‘शाख’पाशी श्वास घेतात आणि पुढे ‘मश्वत्थं’ म्हणतात. काकू आधी ‘ऊर्ध्वमूलम्’, ‘अधःशाखम्’, ‘अश्वत्थम्’ असे तुकडे वेगळे म्हणवून घेतात, वर मुळं आणि खाली फांद्या असलेलं झाड पाटीवर काढून दाखवतात, आणि मग तुकडे जोडून संथा देतात. मानपत्रात मी लिहिलं : ‘अवघड चरणाचे तुकडे करून आपण तो मुलांच्या तोंडी बसवलात, आणि विसर्ग नीट उमटल्याशिवाय पुढचा श्लोक दिला नाहीत.’ हे वाचलं तेव्हा सभागृहात हशा पिकला, कारण विसर्गावरून तिथल्या निम्म्या लोकांनी बोलणी खाल्ली होती.

तिथीचं राहिलंच. गीता जयंती म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध एकादशी. २०२५ साली ती सोमवारी, १ डिसेंबरला होती. कार्यक्रम मात्र सोयीसाठी रविवारी, ३० नोव्हेंबरला. मसुद्यात तारीख रविवारची आणि तिथी एकादशीची, असं झालं होतं. पंचांग उघडून ‘मार्गशीर्ष शुद्ध दशमी, शके १९४७’ असं करून घेतलं. पंचवटीत चुकीची तिथी छापून फ्रेम केली तर ती दाखवून देणारी माणसं पहिल्याच रांगेत बसलेली असतात.

छपाईत एकच सांभाळा. आपण फोनवर टाइप केलेला मजकूर डीटीपीवाला त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये नेतो तेव्हा जोडाक्षरं फुटतात. रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो. आमच्या प्रुफात ‘मार्गशीर्ष’ आणि ‘वर्षे’ दोन्ही बिघडले होते. स्क्रीनवरचं प्रूफ पाहून होकार देऊ नका, कागदावर काढून घ्या आणि एकाने मोठ्याने वाचावं, दुसऱ्याने मूळ मजकुरावर बोट ठेवावं. फ्रेमला काच नको, ॲक्रिलिक घ्या. सत्तरीच्या बाईंना काचेची फ्रेम उचलून फोटोसाठी उभं राहता येत नाही. काकूंना आम्ही बसवूनच मानपत्र वाचलं.

भाषण मला तीन मिनिटांचं दिलं होतं, साधारण तीनशे शब्द. मानपत्रातलं एकही वाक्य त्यात घेतलं नाही. वर्ष नाही, विशेषण नाही. मानपत्रात ‘आपण’, भाषणात ‘काकू, तुम्ही’. सांगितली फक्त २०२० ची गोष्ट. लॉकडाउनमध्ये काकूंकडे साधा फोन होता. त्या कॉन्फरन्स कॉलवर बारावा अध्याय घेत. सगळ्यांचे आवाज एकमेकांत मिसळत, म्हणून त्यांनी नियम केला की एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी तोंडावर हात ठेवायचा. माझा धाकटा ‘मैत्रः करुण एव च’ मधला विसर्ग गिळून ‘मैत्र करुण’ म्हणाला. पलीकडून दोन क्षण काहीच नाही, मग काकूंचा आवाज : “पुन्हा.” तो स्वयंपाकघरात उभा राहून तो चरण म्हणत राहिला, शेवटी मलाच पाठ झाला.

मुलांकडून संपूर्ण बारावा अध्याय म्हणवून घ्यायचा असेल तर पाचेक मिनिटं वेगळी धरा आणि पाहुण्यांच्या भाषणाच्या आधी ठेवा. नंतर ठेवलात तर पाहुणे घड्याळाकडे बघत उठतात आणि मुलं अर्ध्यावर थांबतात.

कार्यक्रम झाल्यावर मी मानपत्राची एक प्रत आणि १९९६ च्या प्रशस्तिपत्राची झेरॉक्स कार्यालयात दिली आणि नोंदवहीला टाचून घेतली. पोच मागितली. गृहस्थ म्हणाले, “पोच कशाला, वहिनी?” मी म्हटलं, रेकॉर्डला असू दे.