खारीचा वाटा नको, वही आण

"बाई, मी केलेलं सगळं लिहिलंय. तरी तुम्ही म्हणता, माझं खरं काम परिचयात दिसतच नाही. मग काय, स्वतःची टिमकी वाजवू?"

बेटा,

तुझा मसुदा काल रात्री दोनदा वाचला. केळी उत्पादकांच्या मेळाव्यात निवेदक तो वाचणार, म्हणजे जेमतेम एक मिनिट. त्यातलं अर्धं मिनिट तू पदवी आणि प्रशिक्षणांना दिलंस. मग शेवटी हे एक वाक्य: "केळीवरील रोग व्यवस्थापनाबाबत शेतकऱ्यांमध्ये जनजागृती करण्यात खारीचा वाटा."

हे वाक्य कुणाच्याही परिचयात बसतं. ज्यानं वर्षातून एकदा पत्रकं वाटली, त्याच्याही. तू काय केलंस ते मला माहीत आहे, कारण तुझी ती तेलकट डाग पडलेली वही मी पाहिली आहे. चोपडा तालुक्यातल्या 14 मृगबागा आणि लागवडीनंतरचे 12 आठवडे. दर आठवड्याला ओळीओळीनं फिरून तू हरण्या रोगाची झाडं शोधलीस, खुणेला चिंधी बांधलीस आणि त्याच दिवशी ती मालकाकडून उपटवून घेतलीस. यातलं एक अक्षर मसुद्यात नाही.

समोर बसलेल्या शेतकऱ्याला यातलं अवघड काय आहे ते बरोबर कळतं. हरण्या, म्हणजे सीएमव्ही हा विषाणू, मावा पसरवतो. रोगट झाडावर क्षणभर सोंड टोचली की विषाणू त्याच्या तोंडाला लागतो आणि पुढच्या झाडावर टोचताच तिथे उतरतो. फवारणीनं मावा मरेल, पण मरण्याआधी तो आपलं काम करून जातो. त्यामुळे फवारणीवर भिस्त ठेवून भागत नाही, रोगट झाड लवकर काढावंच लागतं. आणि लवकर म्हणजे पानावर नुसते पिवळे पट्टे दिसतात तेव्हा. पोंगा सडायला लागल्यावर कुणीही झाड उपटतो. पट्टे दिसताच उपटायला लावणं, ही तुझी कमाई. "झाड ते हिरवं शे ना, उपटू कसाले?" म्हणणाऱ्या माणसाला विकत घेतलेलं टिश्यूकल्चरचं रोप स्वतःच्या हातानं काढायला लावणं, याला तू 'जनजागृती' म्हणतेस! (हा शब्द मला सरकारी भिंतीवरच्या रंगासारखा वाटतो, पहिल्या पावसात उडणारा.)

दुसरी गोष्ट तर तू पूर्णच गाळलीस. वहीत शेवटचा रकाना आहे: बांधावर काय होतं. काकडी, गिलके, दोडके. ज्या बागांच्या कडेला हे वेल होते, तिथे तुला रोगट झाडं जास्त सापडली. या वेलांवर हा विषाणू राहतो आणि मावाही पोसतो, हे शास्त्राला नवं नाही. पण आपल्याच शिवारात, शेतकऱ्यांच्या नावानिशी ते नोंदवून ठेवणं हे तुझं काम. मेळाव्यात लोक तुला हेच विचारतील. पण परिचयात ते नसेल, तर विचारायचं कसं सुचेल त्यांना?

आता टिमकीचं. "हरण्या आटोक्यात आणला" असं तू लिहिलंस, तर तो परिचय मीच फाडीन. तुलनेसाठी तू एकही बाग न उपटता ठेवली नव्हतीस. त्या वर्षी ढगाळ हवा किती होती, मावा किती होता, यावरही बरंच अवलंबून असतं. 14 बागांवरून तालुक्याबद्दल बोलता येत नाही. पण जे केलं ते मोजून सांगणं, त्याला मी टिमकी म्हणत नाही. तू परिणाम फुगवायला घाबरलीस आणि त्या भरात कामच झाकून टाकलंस.

मी असं लिहीन:

"चोपडा तालुक्यातल्या 14 मृगबागांत लागवडीनंतरचे 12 आठवडे दर आठवड्याला फिरून यांनी हरण्याची झाडं पहिल्या पट्ट्यांवरून ओळखली आणि शेतकऱ्यांकडून त्याच दिवशी उपटवून घेतली. प्रत्येक झाडाची तारीख, ओळ आणि बांधावरचं पीक यांची नोंद त्यांच्याकडे आहे. बांधावर काकडीवर्गीय वेल असलेल्या बागांत रोगट झाडं जास्त आढळली. या कृषी पदवीधर आहेत."

बघ, पदवी शेवटी गेली, तरी काही बिघडलं नाही. प्रशिक्षणांची यादी मी काढली. ती नोकरीच्या अर्जात ठेव, तिथे लागते. 'सहभाग' आणि 'करण्यात आले' हे दोन्ही खोडले, कारण त्या शब्दांत करणारा माणूसच हरवतो.

एक शंका आहे. वहीच्या आठव्या पानावर एका बागेचा आठवडा कोरा आहे. पाऊस होता की गेली नाहीस? गेली नसशील तर "दर आठवड्याला" हे शब्द बदलावे लागतील. रविवारी वही घेऊन ये, कांदेबागेच्या लागवडीआधी हे संपवू.