नावापुढची अक्षरं

"पीएचआर, म्हणजे एचआरवाल्यांचं ते परीक्षेचं सर्टिफिकेशन, करू का? रिक्रूटर लोक त्याला खरंच किंमत देतात की पैसे पाण्यात?"

किंमत देतो, पण अक्षरांना नाही. आधी कोणतं सर्टिफिकेशन आणि कधी केलं ते बघतो. दोन दिवसांचं वर्कशॉप करून मिळालेलं प्रमाणपत्र तुम्ही बसून होतात एवढंच सांगतं. पीएचआरला बसायलाच अनुभव लागतो: पदवी असेल तर दोन वर्षं, पदव्युत्तर असेल तर एक, पदवी नसेल तर चार. परीक्षा झाल्यावर दर तीन वर्षांनी साठ क्रेडिट जमवून ते चालू ठेवायचं, नाहीतर पुन्हा परीक्षा. म्हणून मुदत संपली असेल आणि रेझ्युमेवर अक्षरं मात्र तशीच असतील, तर मला खटकतं.

एपीएचआर ही त्याच्या खालची परीक्षा, तिला अनुभव लागत नाही. नवख्याने केलं तर उत्तम. नऊ वर्षं काम केलेल्याने केलं तर प्रश्न पडतो, वरची परीक्षा का नाही? आणि पीएचआरमध्ये कामगार कायदा येतो तो अमेरिकेचा. तिथं काम करायचं नसेल तर त्याचं आंतरराष्ट्रीय रूप, पीएचआरआय, बघा, त्यात कुठल्याही एका देशाचा कायदा नाही. हे न बघता फी भरणारे कमी नाहीत.

आता एक प्रसंग घ्या. सगळ्या विभागांचं एचआर सांभाळायची जागा आहे आणि समोर पीएचआर झालेली उमेदवार आहे, चारही वर्षं फक्त भरतीत घालवलेली. मी विचारतो, "एका टीममधून सहा महिन्यांत चार जण गेले. पहिलं काय बघाल?" "एक्झिट इंटरव्ह्यू," असं उत्तर आलं, तर ते पुस्तकातलं. जाणाऱ्याला पुढे याच मॅनेजरचं रेफरन्स लागणार असतं. तो खरं का सांगेल? ती जर म्हणाली, "चौघं रुजू होऊन किती दिवसांनी गेले ते बघते. तीन महिन्यांच्या आत गेले असतील तर ऑफर देताना काय सांगितलं होतं ते तपासते. दोन वर्षांनी गेले असतील तर पगारवाढ आणि मॅनेजर," तर मी पेन खाली ठेवतो. हे तिला परीक्षेने शिकवलं की कामाने, ते मला कळत नाही. पण भरतीपलीकडचे विषय तिने एकदा तरी नीट वाचलेत, एवढं ती अक्षरं सांगतात. भरतीतून बाहेर पडू पाहणाऱ्याला तेवढं पुरतं.

पूर्वी मी म्हणायचो, अनुभव असेल तर कागद कशाला. ते अर्धंच खरं होतं. पहिल्या चाळणीत रेझ्युमे बघणारा बहुतेक वेळा मी नसतो, आणि त्याला अनुभव वाचायला वेळ नसतो, अक्षरं मात्र लगेच दिसतात. हे योग्य आहे असं मी म्हणत नाही.

पगार वाढेल का, असंही विचारता. आहात त्याच जागेवर, त्याच कामासाठी? मला तरी दिसत नाही.