सोयाबीन दरवर्षीच असतं

गावांच्या सर्वेक्षणाला मुदतवाढ मिळाली. तरी पुण्याच्या ऑफिसातल्या मॅडमच्या मेलमधली शेवटची ओळ डोक्यातून जात नाही. ‘सोयाबीन तर दरवर्षीच असतं ना?’

असतं की! म्हणून तर वेळापत्रकात काढणीचे दिवस सोडले होते. पण परतीच्या पावसानं शेंगा भिजल्या, त्या वाळेपर्यंत मळणीयंत्र थांबलं, आणि मी सोडलेल्या दिवसांत माणसं घरी आणि पुढच्या दिवसांत शेतात. पुण्यात बसून हे कसं दिसावं? लातूरला बसून काम करणाऱ्यानं आभाळाचाही हिशोब द्यायचा.

आठपैकी पाच गावं झाली, १२० घरं उरली. घरी असलेल्यांचे फॉर्म भरून ३१ ऑक्टोबर गाठता आली असती, सर्वेक्षक तेच म्हणत होते. पण काढणीत दिवसा घरी कोण? म्हातारी माणसं, नाहीतर मजूर लावणारा बागायतदार. गुत्त्यानं काढणीला गेलेली टोळी त्या यादीत येतच नाही, आणि योजना तर तिच्यासाठीच आहे. हे मेलमध्ये लिहिलं होतं. मॅडमनी वाचलं असेल? की फक्त सोयाबीनच वाचलं?

तारीख मात्र अंदाजानं मागितली नाही. फॉर्मला पाऊण तास, संध्याकाळी माणशी दोन, चौघांचे आठ, म्हणजे १५ संध्याकाळी. मधे दिवाळीचे चार दिवस कोणी दारात उभं करणार नाही. मग तपासणी, अहवाल. १८ नोव्हेंबर. आणखी मागायची सोय नव्हती, कारण ऊसतोडीला जाणारी ३४ घरं त्यात आहेत. मुकादमाची गाडी आली की घराला कुलूप, ते उन्हाळ्यापर्यंत. म्हणून ती घरं पहिल्या पाच संध्याकाळी. मॅडमच्या बैठकीला पूर्ण अहवाल लागत नाही, हे आधी फोन करून विचारून घेतलं होतं. पाच गावांचे तक्ते ३१ लाच पाठवतो म्हटलं, आणि ‘हे आठही गावांचं चित्र नाही’ ही ओळ तक्त्याच्या वरच टाकेन. नाहीतर बैठकीत तेच आकडे अंतिम होऊन बसतात.

एवढं सगळं लिहून उत्तर काय, तर दरवर्षीच असतं ना.

आई म्हणाली, ‘बरोबरच इच्यारलं की तिनं. तुझ्या बापालाबी दरसाली हेच इच्यारायचे सोसायटीवाले.’ मी हसलो. बाबा काय उत्तर द्यायचे, ते काही तिनं सांगितलं नाही.

मॅडमना आता उत्तर लिहिलंय: हो, असतं. पुढच्या वर्षीच्या करारात काढणीनंतर पंधरवडा मोकळा धरू, आणि ऊसतोडीची घरं दसऱ्याच्या आत. मॅडमनी अंगठा पाठवला.

आज दुपारी पुन्हा पाऊस. माणसं घरी आली, चौघांनी दिवसाउजेडीच १९ फॉर्म भरले. कोणाचं तरी सोयाबीन भिजत होतं आणि मी वहीत खुशीत आकडा लिहीत होतो. मॅडमना हे कळवायचं की नाही? नको. लगेच तारीख अलीकडे ओढतील.